शके १९०० चं पान

नरहर पेंढरकर रेल्वेत तेहतीस वर्षं हिंदी अनुवादक होते, आणि या तेहतीस वर्षांत मूळ कागदात नसलेला एक स्वल्पविरामही त्यांनी पदरचा घातला नव्हता. निदान ते तसं सांगत. निवृत्त होऊन विकास नगरच्या दोन खोल्यांत राहायला आल्यावरही त्यांचा हा ताठा कमी झाला नाही. लखनौतल्या कुणा मराठी माणसाचा जन्माचा दाखला असो की सातबारा, त्याचा हिंदी तर्जुमा पेंढरकरांनी करायचा आणि खाली सही ठोकायची, हे ठरलेलंच होतं. पैसे घेत नसत. त्याऐवजी उपदेश करत, आणि तो लोकांना जास्त महाग पडे.

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत विनीता सरनाईक त्यांच्याकडे आली ती एक फोटो घेऊन. फोटो माणसाचा नव्हता, छापील पानाचा होता. तिचा नवरा चंद्रहास फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला, मग चिनहटच्या एका कारखान्यात सुरक्षा सांभाळत होता आणि दिवाळीनंतर अचानक गेला. कुटुंब पेन्शनसाठी ती कॅन्टोन्मेंटमधल्या रेकॉर्ड ऑफिसात गेली, तर तिथल्या श्रीवास्तव नावाच्या हेडक्लार्कने कागद चाळून विचारलं होतं, "सुभेदार साहब की पत्नी तो सुलभा जी हैं. आप कौन?"

"काका, मीच सुलभा," विनीता म्हणाली. "म्हणजे होते. लग्नात सासूबाईंनी ताटातल्या तांदळावर सोन्याच्या अंगठीने सुलभा लिहिलं, झाले सुलभा. पण मला कुणी सुलभा म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघायची, दुसरी कुणी आलीय का म्हणून. सात वर्षं असंच. शेवटी यांनीच फॉर्म आणला, मी सही केली, आणि राजपत्रात छापून माझं माहेरचं नाव परत घेतलं."

"मग हे ऑफिसला कळवलं नाही?"

विनीताने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "कळवलंय, होईल, असं म्हणायचे. पेन्शनच्या कागदावरही सुलभाच आलं तेव्हा मी भांडले. तरी तेच, कळवलंय. काका, खरं सांगू? मला वाटतं यांनी टाळलं. आता तो श्रीवास्तव म्हणतो, पहिली बायको आणा. मी त्यांची दुसरी कुणी होते का हो?"

पेंढरकरांना रडणाऱ्या माणसांपुढे काही सुचत नसे. ते उठून भिंग शोधू लागले.

राजपत्राची घरातली प्रत बदल्यांच्या धबडग्यात हरवली होती. म्हणून विनीताच्या भावाने, सुधीरने, पुण्याच्या एका ग्रंथालयात बसून जुने खंड धुंडाळले होते. जाड बांधणीच्या खंडाची झेरॉक्स काढू देत नाहीत, पाठ उसवते, म्हणून त्याने परवानगी काढून पानाचा फोटो घेतला. मजकूर स्वच्छ आला होता, पण वरच्या बाजूला फ्लॅशचा पांढरा धब्बा पडला होता. 'महाराष्ट्र शासन राजपत्र, भाग दोन' एवढं दिसत होतं, पुढे सगळं पांढरं, आणि धब्बा संपल्यावर 'श्रावण २६, शके १९००' आणि पान क्रमांक. पुन्हा फोटो काढायचा तर तो खंड आता दुरुस्तीला गेला होता.

पेंढरकरांनी ओळ न् ओळ वाचली. खाली सही करणार हिने आपले जुने नाव सुलभा चंद्रहास सरनाईक बदलून विनीता चंद्रहास सरनाईक असे नवीन नाव धारण केले आहे. पत्ता कोल्हापूरचा. आणि या सूचनांच्या वर बारीक टायपात, सूचनेतील मजकुराच्या खरेपणाबद्दल शासन जबाबदार नाही.

"ही ओळ गाळा ना," विनीता म्हणाली. "आधीच विश्वास नाही त्यांचा."

"गाळणार नाही. ती ओळ असल्या प्रत्येक सूचनेवर असते. आणि एक ओळ गाळली की उरलेला सगळा कागद खोटा होतो. कागदात आहे तेवढंच, आणि आहे ते सगळं. हा माझा कायदा."

त्यांनी आपल्या कायद्याप्रमाणे तर्जुमा केला. धब्ब्याच्या जागी चौकोनी कंसात 'अपठनीय' लिहिलं. तारीख जशी होती तशी, 'श्रावण 26, शक 1900'. खाली प्रमाणपत्र लिहिलं की मी मराठी व हिंदी दोन्ही जाणतो आणि हा अनुवाद खरा आहे, आणि नोटरीपुढे सही केली. विनीता वाकून नमस्कार करून गेली.

चौथ्या दिवशी ती परत आली. या वेळी मुलगीही बरोबर होती, रुचा, कॉलेजात शिकणारी, आणि ती आईपेक्षा जास्त भडकलेली.

"अंकल, उन्होंने मम्मी का मज़ाक़ बनाया," रुचा म्हणाली. "बोले, सन् उन्नीस सौ में तो सुभेदार साहब के दादाजी भी कुँवारे होंगे."

पेंढरकरांनी कागद हातात घेतला. तारखेखाली लाल पेन्सिलीने रेघ होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'वर्ष ग़लत. अमान्य.' या लोकांना शक कळत नाही! त्यांना आधी राग आला तो श्रीवास्तवचा. तावातावाने बोलू लागले, तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोने, मंजिरीबाईंनी, डोकं बाहेर काढलं.

"पण तुम्ही तरी कुठे लिहिलंत की ते अठ्ठ्याहत्तर साल म्हणून?"

"कागदात नव्हतं ते मी कसं लिहू?"

"कागदात नव्हतं, पण तुम्हाला ठाऊक होतं ना? शक म्हटलं की आपल्याकडे पोरंसुद्धा अठ्ठ्याहत्तर मिळवतात. इथे संवत चालतो. तुमचा तो कायदा सांभाळायला या बाईने पहिली बायको कुठून आणायची?"

तेहतीस वर्षांत पेंढरकरांनी अनुवादकाची टीप म्हणून एक ओळ कधी लिहिली नव्हती. टीप म्हणजे लुडबुड, असं ते नव्या पोरांना शिकवत. टीप वेगळ्या कंसात, आपल्या नावाने लिहिली तर मूळ कागदाला धक्का लागत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी लिहिली नव्हती, निव्वळ ऐटीपायी. आणि त्या ऐटीची किंमत दुसऱ्याच कुणी परक्या लोकांसमोर मान खाली घालून चुकवली होती. त्यांना मनापासून लाज वाटली.

"विनीताबाई, चूक माझी," ते म्हणाले. "उद्या मी बरोबर येतो."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिघं रेकॉर्ड ऑफिसात श्रीवास्तवपुढे बसले. श्रीवास्तव वाईट माणूस नव्हता. मफलर गुंडाळलेला, पानाने ओठ रंगलेले, बोलायला गोड. पण फायलीत नाही ते जगात नाही, अशी त्याची श्रद्धा होती, आणि ही श्रद्धा पेंढरकरांच्या चांगलीच ओळखीची होती.

"पंडित जी, मैं मान भी लूँ," तो म्हणाला, "मगर साहब तो काग़ज़ माँगेंगे. शक-वक मैं उन्हें कैसे समझाऊँ?"

"आपके यहाँ भारत का राजपत्र आता है न? मानद कमीशन की सूचियाँ तो उसी में छपती हैं."

"आता है. जिल्दें उधर अलमारी में हैं."

"अठहत्तर का अगस्त निकलवाइए."

श्रीवास्तवला मजा वाटली. तो स्वतःच उठला, धूळ झटकत एक जाडजूड खंड घेऊन आला. पेंढरकरांनी पानं उलटली आणि बोट ठेवलं. सरकारचं स्वतःचं राजपत्र, वर तारीख छापलेली: शनिवार, ऑगस्ट १९, १९७८, आणि शेजारी कंसात श्रावण २८, १९००.

"शनिवार को अट्ठाईस, तो छब्बीस हुई गुरुवार, सत्रह अगस्त. और महाराष्ट्र का भाग दो गुरुवार को ही निकलता है."

श्रीवास्तवने बोटं मोजली. पुन्हा मोजली. "कमाल है," तो म्हणाला. "बीस साल से ये जिल्दें झाड़ रहा हूँ, कभी ब्रैकेट नहीं पढ़ा."

पेंढरकरांनी पिशवीतून नवा तर्जुमा काढला. मजकूर तोच, ती बारीक ओळही जशीच्या तशी. फक्त शेवटी, वेगळ्या कंसात, त्यांच्या आयुष्यातली पहिली टीप होती: मूळ पानावर इंग्रजी तारीख फोटोत अपठनीय, राष्ट्रीय पंचांगानुसार शक १९०० चा श्रावण २६ म्हणजे १७ ऑगस्ट १९७८. अनुवादक. खाली पुन्हा नोटरीचा शिक्का.

"अठहत्तर..." श्रीवास्तव पुटपुटला. त्याच्या कपाळावर आठी पडली. "सरनाईक साहब का पत्राचार तो अलग फ़ोल्डर में होगा. मैंने सिर्फ़ सर्विस रिकॉर्ड देखा था. अब सन् पता है तो देख लेते हैं."

तो आत गेला. बराच वेळ आला नाही. विनीता पर्सचा बंद घट्ट धरून बसली होती. रुचा पाय हलवत होती. पेंढरकर भिंतीवरची सूचना मनातल्या मनात भाषांतरित करत होते, दुसरं काही सुचेना म्हणून.

श्रीवास्तव परतला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा गोडवा गेला होता, आणि त्यामुळे तो जास्त चांगला दिसत होता. त्याने पिवळा पडलेला एक अर्ज टेबलावर ठेवला. त्याला गंजलेल्या टाचणीने एक छापील पान लावलेलं होतं. पानाच्या वर, धब्ब्याबिब्ब्याशिवाय, लखलखीत अक्षरांत ऑगस्ट १७, १९७८ आणि शेजारी श्रावण २६, शके १९०० होतं. टाचणीखाली एक पाकीट होतं, चंद्रहासच्या जुन्या युनिटच्या पत्त्यावर गेलेलं आणि 'बदली झाली' असा शेरा घेऊन परत आलेलं.

"इन्होंने चार सितंबर अठहत्तर को अर्ज़ी दी थी," श्रीवास्तव सावकाश म्हणाला. "गज़ट मराठी में था. दफ़्तर ने लिखा कि अनुवाद भेजिए. चिट्ठी पहुँची ही नहीं, और यहाँ से किसी ने दोबारा लिखी नहीं."

विनीताने अर्ज उचलला. अक्षर ओळखीचं होतं, उजवीकडे झुकणारं. शेवटची ओळ तिने मोठ्याने वाचली.

"'यह नाम मेरी पत्नी को उसके पिता ने दिया था. कृपया अभिलेख में यही लिखा जाए.'"

रुचाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. श्रीवास्तवने पेंढरकरांचा तर्जुमा घेतला, त्या जुन्या अर्जाखाली नीट जुळवून नवी टाचणी लावली, आणि अर्जाच्या समासात, 'अनुवाद भेजें' या अठरा वर्षांपूर्वीच्या लाल शेऱ्याखाली निळ्या शाईने लिहिलं, 'अनुवाद प्राप्त.' तारीख घातली. मग आवकनोंदीची वही उघडून विचारलं, "किसके नाम से चढ़ाऊँ? आपके?"

"नहीं," विनीता म्हणाली. "अर्ज़ी उनकी है. उन्हीं के नाम से चढ़ाइए."

त्याने चंद्रहासचं नाव लिहिलं, आणि विषयाच्या रकान्यात पत्नीचं नाव, विनीता. पोच घेऊन तिघं बाहेर आले. फाटकाजवळ विनीता थांबली.

"काका, त्यांनी कळवलं होतं," ती म्हणाली. "दहा वर्षं सांगत होते, आणि मी म्हणायची, थापा मारता."

पेंढरकरांनी खिशातून रुमाल काढला, धुतलेला आहे का ते पाहिलं, आणि तिच्यापुढे धरला.