सत्तावीस मिनिटं मागे

नऊ पंधरा. (घड्याळ म्हणतं.)

शोभाताई कानडे उज्जैनच्या फ्रीगंज भागातला जिना चढून वर आल्या तेव्हा अनिलच्या शेअर दलालीच्या ऑफिसात असा कालवा चालला होता की त्यांना क्षणभर वाटलं, चुकून शेजारच्या कोचिंग क्लासात शिरले, कारण सातही खुर्च्यांवरची माणसं उभी होती, फोन कानाला, बोट पडद्याकडे, "ले ले, ले ले, अरे निकल गया," आणि मृणाल, जी इथली डीलर, म्हणजे लोकांच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर टाकणारी मुलगी, ती दोन्ही हातांनी टाइप करत तोंडाने तिसऱ्याच कुणाला "काका, भरली तुमची, भरली!" म्हणून ओरडत होती, आणि समोर शिप्रा सिमेंटचा भाव चारशे तेरा, चौदा, साडेचौदा असा जिना चढत होता, आणि शोभाताईंनी मनगटाकडे पाहून सवयीने सत्तावीस मिळवले. नऊ बेचाळीस! नऊ बेचाळीसला एवढा जोर? सकाळचा फुसका धुरळा तर तोवर खाली बसलेला असतो. अजूनही वर जातोय म्हणजे ही खरी चाल.

"मृणाल, शिप्रा सिमेंट, शंभर घे. मिळेल त्या भावाला."

"काकू, आत्ता? मार्केट ऑर्डर?"

"आत्ता म्हणजे आत्ता!"

चारशे सोळा चाळीसला मिळाले. पडद्यावर तेव्हा साडेचौदा दिसत होते. मधले जवळजवळ दोन रुपये कुठे गेले ते विचारायलाही वेळ नव्हता, कारण पुढच्या चार मिनिटांत भाव त्याच जिन्यावरून गडगडत उतरला. पंधरा, तेरा, बारा, अकरा.

इथे थांबून ते सत्तावीस सांगायला हवेत.

शोभाताईंनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. दर वर्षी सातवीच्या मुलांना वेधशाळेत नेऊन सूर्यघड्याळासमोर उभं केलं आणि सांगितलं, "बाळांनो, ही सावली सांगते ती उज्जैनची खरी वेळ. तुमच्या घरचं घड्याळ मिर्झापूरकडच्या रेषेची वेळ दाखवतं. आपण सरासरी सत्तावीस मिनिटं मागे." निवृत्तीच्या दिवशी त्यांनी स्वतःचं मनगटी घड्याळ सत्तावीस मिनिटं मागे केलं आणि पुन्हा कधी हलवलं नाही. लग्नाला, डॉक्टरकडे, गाडीला जाताना सत्तावीस मिळवायचे. बाकी आयुष्य उज्जैनच्या सूर्याने.

बाजारसुद्धा. सव्वानऊ आपल्या घड्याळात वाजले की ऑफिसात यायचं. आपल्या बाराला, सूर्य डोक्यावर आला की, भाव पेंगतात. तेव्हा शांतपणे घ्यायचं. शेवटच्या तासात विकायचं. त्यांचा सिद्धांत होता की दुपारी बाजार मंदावतो तो उज्जैनच्या माध्यान्हामुळे. अनिल, जो त्यांचाच सातवी ब मधला विद्यार्थी आणि आता या ऑफिसचा मालक, म्हणायचा, "बाई, मुंबईवाले डबा खाते हैं, बस. सकाळच्या बातम्या पचलेल्या, युरोप उघडायचं बाकी. उसमें सूरज का क्या?" त्यावर त्या फक्त हसायच्या. छप्पन्न दिवसांत खात्यात तोटा नव्हता.

दिवस मोजलेले होते, कारण करार होता. प्रभाकरराव, म्हणजे शोभाताईंचे यजमान, बँकेतून निवृत्त होऊन घरी बसल्यापासून पेपर मोठ्याने वाचायचे. अख्खा. निविदा सूचनासुद्धा. नानाखेड्यातल्या घराच्या दोन खोल्यांत पळायला जागा नव्हती. म्हणून शोभाताईंनी ही खुर्ची शोधली. ते म्हणाले, "पन्नास हजार देतो. साठ दिवस. साठाव्या दिवशी बाजार बंद होताना एक रुपयाही कमी असला, तर हे बंद. घरी बसायचं, माझ्यासमोर."

आज साठावा दिवस. सकाळी खात्यात पन्नास हजार दोनशे ऐंशी होते.

नऊ एकोणीस.

"काकू, काढू?" मृणालने विचारलं.

"थांब. नऊ सेहेचाळीसला असं पडत नाही."

"नऊ सेहेचाळीस? काकू, नऊ एकोणीस झालेत. भिंतीवर बघा."

भिंतीवरचं घड्याळ शोभाताईंच्या खुर्चीच्या मागे होतं. त्या वळल्या. नऊ एकोणीस. मनगटाकडे पाहिलं. नऊ एकोणीस.

पहिल्यांदाच दोन्ही घड्याळं एकमेकांशी सहमत होती.

काल रात्री घड्याळ बंद पडलं होतं. प्रभाकररावांनी आज पहाटे फिरायला जाताना ते खिशात टाकलं, ओळखीच्या घडीवाल्याला दार ठोठावून उठवलं, सेल घालून आणलं आणि चहासोबत टेबलावर ठेवलं. "तुझा शेवटचा दिवस, म्हटलं घड्याळ तरी चालू असावं." घडीवाला भला माणूस. वेळही लावून दिली. बरोबर.

येताना ऊन जरा कोवळं वाटलं होतं. चौतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईने ते ढगांवर ढकललं!

"काढ," शोभाताई म्हणाल्या.

चारशे अकरा तीसला निघाले. पाचशे दहा तोटा, वर दलाली-कर धरून पंचेचाळीस. उरले एकोणपन्नास हजार सातशे पंचवीस.

दहा.

कालवा ओसरला. उभी माणसं बसली. ज्यांना कमवायचं होतं त्यांनी कमावलं, ज्यांना गमवायचं होतं ते पोहे खायला खाली गेले.

"एक बोलू?" मृणाल खुर्ची ओढून आली. "रागवायचं नाही."

"बोल. आज माझ्यावर रागवायची पाळी माझीच आहे."

"तुम्ही रोज पावणेदहाला येता. आल्या आल्या म्हणता, बघ कसं शांत आहे. काकू, शांत नसतं, तुम्ही उशिरा येता. रात्रभराच्या साचलेल्या ऑर्डरी पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत एकमेकींवर आपटतात. घेणाऱ्याचा भाव एक, देणाऱ्याचा दुसराच. तुमचं घड्याळ तुम्हाला त्यातून बाहेर ठेवत होतं. सूर्य नाही."

सिद्धांत म्हातारपणी मोडला की हाड मोडल्यासारखा दुखतो.

"म्हणजे मी छप्पन्न दिवस चुकून शहाणी होते?"

"पूर्ण शहाण्या, काकू. फक्त कारण चुकीचं."

बाकीच्या तीन दिवसांचा हिशेब मृणालने सौजन्याने विचारला नाही. ते तीन दिवस शोभाताई आल्याच नव्हत्या. पाहुणे होते.

साडेअकरा.

भाव: चारशे आठ नव्वद.

बारा.

चारशे आठ पंच्याऐंशी.

अनिल डबा उघडतो. भेंडी.

बारा दहा.

चारशे आठ नव्वद. सकाळी मिनिटाला पन्नास हजार शेअर इकडचे तिकडे होत होते. आता आठशे.

कुणीतरी घोरतं.

बारा पंधरा.

शोभाताई मनगटावरचं घड्याळ काढतात. काटा सत्तावीस मिनिटं मागे फिरवतात. पुन्हा बांधतात.

"बाई," अनिल भेंडी चावत, "अब भी?"

"गप. जेव."

बारा सत्तावीस. (शोभाताईंचे बारा.)

"मृणाल. शंभर. पण आता भाव मी सांगणार. चारशे आठ साठ. त्याच्या वर एक पैसाही नाही."

"बसून राहावं लागेल."

"मला बसताच येतं. घरी त्याचाच सराव झालाय."

अकरा मिनिटांनी कुणीतरी कंटाळून विकले आणि ते शंभर शेअर शोभाताईंना चारशे आठ साठला मिळाले. ऑफिसात कुणालाही कळलं नाही.

अडीच.

प्रभाकरराव जिना चढून आले. हातात छत्री आणि चेहऱ्यावर जिंकलेल्या माणसाची सहानुभूती.

"तुला न्यायला आलो. किती गेले?"

"दोनशे पंचाहत्तर कमी आहेत. अजून तास आहे."

"तासाने काय होतंय? सकाळपासून काही झालं नाही ते." त्यांनी शेजारची रिकामी खुर्ची घेतली. पडद्याकडे पाहिलं. "हे काय, चारशे नऊ? हलत का नाही?"

"हलेल. सव्वातीनला आमचं ऑफिस सगळे दिवसाचे सौदे आपोआप बंद करतं. दुसरीकडेही थोड्या फरकाने तसंच. सकाळी जे विकून बसलेत त्यांना तोवर परत घ्यावंच लागतं. शिवाय मोठे फंड शेवटच्या अर्ध्या तासात उतरतात, बंद भाव त्याच्याच सरासरीवर ठरतो." शोभाताईंनी हे सातवी ब ला सांगावं तसं सांगितलं.

"आणि सव्वातीनपर्यंत तू विकलं नाहीस तर?"

"तर हे विकतील. वर एकोणसाठ रुपये दंड."

"मग तर तू गेलीच," प्रभाकरराव समाधानाने म्हणाले.

तीन.

चारशे दहा वीस, आणि खाली पोहे खायला गेलेले, वर पेंगलेले, फोनवर असलेले सगळे एकदम परत उभे, आणि दहा सत्तर, दहा चाळीस, अकरा, आणि अनिल ओरडतोय "जिसका पडा है निकालो, बाद में मेरे को मत बोलना," आणि शोभाताई कागदावर गणित करताहेत, दोनशे पंचाहत्तर अधिक पंचेचाळीस, भागिले शंभर, तीन रुपये वीस, म्हणजे चारशे अकरा ऐंशी हवा, त्याखाली एक पैसा नको, आणि तीन सात, अकरा दहा, तीन आठ, अकरा चाळीस, आणि प्रभाकरराव खुर्चीच्या कडेवर आलेले, छत्री जमिनीवर पडलेली.

"विक!" ते म्हणाले.

"नाही."

"अगं, अकरा साठ झाले, विक!"

"अकरा साठला तुम्ही जिंकता, अहो."

"अस्सं? मग थांब! थांब! मृणालबेटा, हात काढ त्या बटणावरून!"

तीन दहा. अकरा पस्तीस. प्रभाकररावांनी "अरे देवा" म्हणून डोळे मिटले.

तीन अकरा. अकरा सत्तर. अकरा ऐंशी. अकरा पंच्याण्णव.

"दे," शोभाताई म्हणाल्या.

गेले. चारशे अकरा पंच्याण्णव. पुढच्या मिनिटाला भाव चारशे बारा चाळीस होता आणि त्याचं कुणालाही काही वाटलं नाही, एक प्रभाकरराव सोडून.

"अजून मिनिटभर थांबली असतीस तर!"

मृणालने खातं उघडलं. पन्नास हजार पंधरा.

"जिंकली बाई," अनिल म्हणाला. सातही खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या.

शोभाताईंनी श्वास सोडला. उद्याही खुर्ची, उद्याही मृणाल, उद्याही निविदा सूचना नाहीत. त्या पर्स उचलतच होत्या तेवढ्यात शेजारून आवाज आला, जरा खाकरून, जरा लाजून.

"शोभा, मी काय म्हणतो. उद्यापासून मीपण येत जाऊ? सकाळी सव्वानऊला? मजा येते गं."

टाळ्या थांबल्या. मृणालने ओठ दाबले. शोभाताईंनी साठ दिवसांत जिंकलेल्या खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्याशेजारच्या खुर्चीकडे, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे, जो सातवीतल्या मुलाने सहलीचं विचारावं तसा झाला होता. नाही म्हणवेना.

"सव्वानऊ नको," त्या म्हणाल्या. "तेव्हा नुसती धक्काबुक्की असते. शेवटचा तासही नको, तुमचं ब्लडप्रेशर. तुम्ही बारा ते दीड या. तो खास वेळ. जाणकार लोकांचा."

"बारा ते दीड," प्रभाकररावांनी गंभीरपणे मान हलवली. "तेव्हा काय होतं?"

"ते तुम्हीच बघून मला सांगा," शोभाताई म्हणाल्या. "आणि पेपर घरीच ठेवून या."