मघाचाच पीळ

माझ्या डोळ्यांबद्दल मला कुणी शिकवू नये. भोसरीत मोटार रिवाइंडिंगच्या खोलीत मी अकरा वर्षं कॉइल भरल्या. केसाएवढी तांब्याची तार, तिच्यावरचं इनॅमल एखाद्या जागी खरवडलेलं असलं तरी मला नुसत्या डोळ्यांनी दिसायचं. शेजारच्या बारावी पास पोरींना भिंग लागायचं. शाळा माझी चौथीत सुटली, हे खरं. त्यामुळे चाकणच्या आमच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात येणारा माणूस आधी सुनेकडे वळतो. होय-नाही माझ्या खुर्चीतून होतं, हे त्याला नंतर कळतं.

आमचे मालक, म्हणजे पोरांचे वडील, गेल्यापासून दुकान मी चालवते. थोरला धनेश शिड्यांवर चढून कॅमेरे बसवतो. त्याची बायको स्वरूपा कॉम्प्युटरवर त्यांची मांडणी करते. धाकटा सुजित माझ्या हाताखाली राहायला तयार नव्हता. तोंडावर तसं सांगून तो म्हाळुंग्याच्या एका प्रेस शॉपमध्ये लागला, डाय बदलणाऱ्या टोळीत. डाय म्हणजे पत्रा दाबायचा लोखंडी साचा. एकेक साचा अठरा अठरा टनांचा. क्रेन तो उचलते आणि खाली चार माणसं दोऱ्या धरून त्याला वळवतात. त्या चौघांतला एक माझा सुजित.

त्याच कंपनीत आमचे सोळा कॅमेरे आहेत. पंधरा गेटवर, गोदामात आणि लाइनवर. सोळावा थेट क्रेनच्या ड्रमपाशी, त्यावर गुंडाळल्या जाणाऱ्या वायर रोपवर, म्हणजे तारा पिळून केलेल्या दोरावर रोखलेला. दर शनिवारी क्रेन रिकामी असताना हुक सावकाश खाली सोडायचा आणि वर घ्यायचा, म्हणजे सगळा रोप कॅमेऱ्यासमोरून सरकतो. सेफ्टीचा माणूस बुद्धरत्न कांबळे सोमवारी आपल्या टेबलावर बसून ते रेकॉर्डिंग बघतो, कुठे तार तुटली आहे का ते पाहतो आणि सही करतो. कुणाला तीस फूट वर चढावं लागत नाही. ही कल्पना माझ्या धनेशची होती आणि मी ती चारचौघांत पुष्कळ मिरवली आहे.

श्रावणात कंपनीच्या मोठ्या साहेबाने बोलावलं. दहा दिवसांचं रेकॉर्डिंग राहत होतं, त्याला ते तीन महिने हवं होतं आणि डिस्क होती तीच ठेवायची होती. स्वरूपा म्हणाली की हे बसणार नाही. तिचं वाक्य संपायच्या आत मी साहेबाला सांगून मोकळी झाले की बसेल, आमच्याकडे सगळं बसतं. सून परक्या केबिनमध्ये नाही म्हणते म्हणजे काय, असं तेव्हा मला वाटलं होतं.

मग तिने बसवलं. शिफ्ट संपली की तिथला कॉम्प्युटर मूळ रेकॉर्डिंग घ्यायचा, आवळून लहान करायचा आणि मूळ पुसून टाकायचा. आवळायचं कसं, ते तिने मला सांगितलं होतं. व्हिडिओ म्हणजे एका सेकंदात पंचवीस चित्रं. त्यातलं एखादंच चित्र पूर्ण काढतात, त्याला कीफ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांत फक्त आधीपेक्षा काय बदललं तेवढं लिहितात. त्यातही बी-फ्रेम म्हणून एक जात असते. ती मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांकडे बघून आपलं भागवते, तिला सगळ्यांत कमी जागा लागते. आधी दर सेकंदाला एक कीफ्रेम होती. तिने ती दहा सेकंदांना एक केली, म्हणजे पंचवीस चित्रांचा गट अडीचशेचा झाला. मध्ये बी-फ्रेम भरल्या आणि एकंदर जागाही नवव्या हिश्शावर आणली.

क्रेनचा कॅमेरा यातून वगळू या, असं ती दोनदा म्हणाली. बारीक काम आहे, म्हणाली. मी म्हटलं, सोळाच्या सोळा सारखे कर, एकाची वेगळी खोड ठेवलीस तर उद्या तुझ्याशिवाय कुणाला काही कळायचं नाही. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला त्या दिवशी बरं वाटलं.

चाळीस दिवस गेले. बुद्धरत्नचा एकदा फोन आला होता. काकू, रोप आता नव्यासारखा दिसतो, म्हणाला. मी म्हटलं, आमचं काम आहे ते.

परवाच्या सोमवारी सकाळी स्वरूपा दुकानात शनिवारची फाइल तपासत होती. मी शेजारी चहा घेऊन बसले होते. पडद्यावर रोप सरकत होता, जेमतेम वीतभर दिसतो तेवढा. स्वच्छ, गुळगुळीत, पिळावर पीळ. कोपऱ्यात सेकंद पळत होते. आणि मध्येच रोपाच्या अंगावर काटा आल्यासारखं झालं. बारीक केस उभे राहिले, ते पुसट होत वर सरकले, निघून गेले. मागून आला तो रोप पुन्हा गुळगुळीत.

मी चहा खाली ठेवला. पुन्हा लाव म्हटलं. ती म्हणाली, आई, कीफ्रेम आली की चित्र जरा हलल्यासारखं होतंच. मी सेकंद मोजले. दहा झाले आणि पुन्हा केस उभे राहिले, या वेळी दुसऱ्या ठिकाणी. आणखी दहा, आणखी केस.

"थांबव तिथे," मी म्हटलं. "आता एकेक चित्र पुढे घे."

तिने घेतलं. थांबलेल्या चित्रात तीन तारा तुटून बाहेर आलेल्या मला स्पष्ट दिसत होत्या. तुटलेली तार कशी वळते हे मला कुणी सांगायला नको. पुढच्या चित्रात त्या बोथट झाल्या, त्याच्या पुढच्यात धूसर. आणि खालून पडद्यात शिरणारा रोप बाळाच्या गालासारखा साफ.

स्वरूपाने ती चित्रं पुन्हा मागे-पुढे करून बघितली. ती बोलली ते हळू बोलली.

"आई, रोप सगळीकडे सारखाच दिसतो ना. नवा तुकडा आला की मशीन म्हणतं, हा मघाचाच पीळ आहे, तोच इथे चिकटवू. तुटलेल्या तारेचा फरक एवढासा. जागा वाचवायला सांगितली होती, म्हणून तो फरक त्याने टाकून दिला."

म्हणजे जे साफ दिसतंय ते साफ नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, साफ आहे की नाही हे या फाइलमध्ये लिहिलेलंच नाही. दहा सेकंदांत दोन हात रोप सरकतो, त्यातली वीतभर खरी दिसते. बाकीचा त्या मशीनने अंदाजाने रंगवलेला आहे.

वीतभर खऱ्यात तीन तारा. मग उरलेल्या दीड हातात किती, हा हिशेब चौथी शिकलेल्या बाईलाही येतो. आणि चाळीस दिवस बुद्धरत्न त्या रंगवलेल्या रोपाखाली सही करत होता. तो केस उभे राहिलेले बघून चित्र हललं असंच समजला असणार, जसं माझी शिकलेली सून समजली.

सुजित पहिल्या शिफ्टला होता. घड्याळात साडेनऊ. सोमवारी साडेनऊला मोठी डाय बदलतात.

स्वरूपाने बुद्धरत्नला फोन लावला आणि माझ्याकडे बघितलं. काय सांगायचं, हे ती विचारत होती. सॉफ्टवेअरची गडबड म्हणता आलं असतं. कंपनीचा कॉम्प्युटर जुना म्हणता आलं असतं. हे सगळं त्या एवढ्याशा वेळात माझ्या मनात येऊन गेलं, ते लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते. मी फोन ओढून घेतला.

बुद्धरत्न म्हणाला की आत्ताच शनिवारचं बघितलं, एकदम ओके आहे.

"ते बघू नका," मी म्हटलं. "ते माझ्या सांगण्यावरून बिघडलंय. सुनेने नको म्हटलं होतं, मी करायला लावलं. आत्ता चालू कॅमेरा लावा, लाइव्ह. तो आवळलेला नसतो. रोप बघा आणि मला सांगा."

त्याच्या खुर्चीचा आवाज आला. मग बटणांचा.  मागे प्रेसचा ठोका पडत होता, तो फोनमधून माझ्या कानात येत होता, धप्प, धप्प.

"काकू," तो म्हणाला, "डाय वर आहे."

फोन त्याने टेबलावर टाकला असावा. तो पळाल्याचं ऐकू आलं, दार आपटल्याचं. ठोके थांबले. एवढ्या मोठ्या शेडमधले ठोके थांबल्यावर जे उरतं ते मी स्वरूपाच्या तोंडाकडे बघत ऐकत राहिले. ती उठून उभी पदराशी चाळा करत होती, तिला मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, बस खाली.

आम्ही धनेशच्या गाडीवरून पोचलो, तेव्हा डाय अजून हवेत होती. जमिनीपासून माणसाच्या डोक्याइतकी वर. खालची माणसं दूर भिंतीला लावली होती. त्यांच्या सोडलेल्या दोऱ्या डायला तशाच लोंबत होत्या. सुजित त्या भिंतीपाशी, हेल्मेट हातात. मला बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. माझ्या बाबतीत ती नेहमी पडते.

बुद्धरत्नने सगळ्यांना पिवळ्या पट्टीच्या बाहेर काढलं होतं. रिमोट त्याने स्वतः घेतला. थांबवून ठेवणंही धोक्याचं आणि हलवणंही, एवढं तो मोठ्या साहेबाला म्हणाला. मग बोटभर सोडायचा, थांबायचा. बोटभर सोडायचा, थांबायचा. वरून एकदा टणकन आवाज आला, बारीक, गिटारीची तार तुटावी तसा. साहेब दोन पावलं मागे गेला. डाय किंचित गोल फिरली आणि थांबली. तिची सावली तेवढी जमिनीवर हलत राहिली.

टेकायला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. टेकली तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही.

रोप उतरवून जमिनीवर ताणला. बुद्धरत्न गुडघ्यावर बसून मोजत होता, मी त्याच्या बाजूला बसले. चष्मा त्याला होता, मला नव्हता. एका ठिकाणी तो नऊ म्हणाला, मी अकरा दाखवल्या. पुढे हातभर जागेत आम्ही मोजणं सोडून दिलं. इतक्या तुटल्यावर रोप कधीच काढायला हवा होता, असं तो म्हणाला आणि आपल्या सोमवारच्या सह्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला.

साहेबाने आम्हाला केबिनमध्ये नेलं आणि कॅमेरावाल्यांचं नाव अहवालात घालायला सांगितलं. स्वरूपाचं नाव लिहायला घेतलं, कारण सेटिंग तिच्या पासवर्डने झाली होती. मी म्हटलं, माझं लिहा. तिने नाही म्हटलं होतं, याच केबिनमध्ये, तुमच्या समोर, तुम्हीही ऐकलं होतंत. साहेबाने लिहिणाऱ्याकडे बघून होकाराची मान हलवली.

क्रेनच्या कॅमेऱ्याची मांडणी स्वरूपाने तिथेच बदलली. दर अर्ध्या सेकंदाला कीफ्रेम, बी-फ्रेम शून्य, जागा लागेल तेवढी, आणि मूळ पुसायचं नाही. तीन महिन्यांचं तुमचं तुम्ही बघा, असं तिने साहेबाला सांगितलं. मी मध्ये बोलले नाही.

बाहेर पार्किंगमध्ये सुजित आला. त्याचे हात दोरीने लाल झालेले होते. त्याने मला काही विचारलं नाही, वहिनीला विचारलं.

"वहिनी, हे कधीपासून तुटलेलं होतं?"

ती गाडीच्या सीटवरची धूळ पुसत राहिली. तो म्हणाला, मागचं सगळं आहे ना तुमच्याकडे, चाळीस दिवसांचं, बघून सांग की. कोणत्या सोमवारपासून मी त्याच्याखाली उभा होतो तेवढं सांग.

"रेकॉर्डिंग आहे," स्वरूपा म्हणाली. "पण त्यात मधली वीत-वीत तेवढी खरी, पहिली तार कधी तुटली ते लिहिलेलंच नाही, भाऊजी. आता कितीही मोठं करून बघितलं तरी येणार नाही. कुणालाच नाही."

सुजित मग माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता बोलेल, आणि बोलावं असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.  शिफ्ट संपायला अजून चार तास होते. तो हेल्मेट घालून आत गेला.