पहिला चिमटा

बाळाची नाळ आत्याने कापली, आणि पुढे सगळं खापर तिच्याच डोक्यावर फुटलं.

ती प्रसूतिगृहातली जुनी सिस्टर. तिच्या हातून इतकी मुलं जन्माला आली होती की बाजारात भाजी घेताना कुणीतरी हटकून म्हणायचं, "सिस्टर, ओळखलंत का? हा तुमचाच बरं का!" आणि समोर मिसरूड फुटलेला धटिंगण उभा. स्वतःचं लग्न राहून गेलं. आई-वडील लवकर गेले आणि धाकट्या भावाला वाढवण्यात वर्षं निघून गेली. त्याचं तिला दुःख नव्हतं, निदान ती तसं म्हणायची. पण भावाची बायको बाळंतपणाला आली, तेव्हा तिने हट्टाने ड्यूटी बदलून घेतली. मुख्य सिस्टरनी सांगून पाहिलं, "घरच्या माणसाच्या वेळी आपण उभं राहू नये गं, हात ऐकत नाहीत." हिने ते कानाआड केलं.

आणि हात खरंच ऐकले नाहीत. बाळ बाहेर आलं, बेंबीच्या देठापासून ओरडलं, आणि आनंदाने आत्याची बोटं थरथरायला लागली. नाळेला लावलेला पहिला चिमटा नीट बसला नाही, निसटून खाली पडला. तिने लगेच दुसरा लावला, खात्री केली आणि मगच नाळ कापली. रक्ताचा थेंब वाया गेला नाही. पण वहिनीने मान उचलून तो खाली पडलेला चिमटा पाहिला होता.

नाळ सुकून पडली आणि थोड्याच दिवसांत बाळ रडलं की बेंबी फुगायला लागली. आधी बोराएवढी, मग लिंबाएवढी. शांत झालं की आत. वहिनीच्या जिवाचं पाणी पाणी झालं. शेजारच्या बाईने छातीठोकपणे सांगितलं, "नाळ नीट बांधली नाही की असंच होतं. आता ऑपरेशनच. आणि रडू देऊ नका हो, फुटेल ती!" अशा शेजारणी फुकट मिळतात आणि फार महाग पडतात.

आत्या म्हणाली, "अगं, पुष्कळ बाळांना असतं हे. आपोआप मिटतं."

"तुम्ही असंच म्हणणार, ताई," वहिनी म्हणाली. "चिमटा कुणाच्या हातून पडला होता?"

यावर आत्याला बोलता यायला हवं होतं. चिमट्याचा आणि बेंबीचा संबंध नसतो, हे तिला पाठ होतं. दुसऱ्या कुणाच्या बाळाविषयी असतं तर तिने त्या आईला खडसावलं असतं. पण चिमटा पडला होता हे खरं होतं, आणि तो का पडला हे सांगायची तिला लाज वाटली. ती गप्प बसली. गप्प बसणाऱ्याला लोक गुन्हेगार समजतात, त्यात नवल नाही.

भाऊ तिला जिन्यापर्यंत सोडायला आला. "ताई, तू काही दिवस येऊ नकोस. तुला पाहिलं की तिला रडू कोसळतं. मोठ्या डॉक्टरांना दाखवू, ऑपरेशन लागणार नाही म्हणाले की सगळं पूर्वीसारखं होईल."

"आणि लागेल म्हणाले तर?"

भावाने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली.

काही दिवस म्हणता म्हणता वर्ष सरलं. मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं तर ते पोटावर सुरी चालवतील, या धास्तीने वहिनी आज-उद्या करत राहिली. बाळाच्या पोटावर कापडाची गोल घडी ठेवून तिने घट्ट पट्टा बांधला. त्याला कधी रडू दिलं नाही. रडेल म्हणून परक्याच्या हातात दिलं नाही, पाळण्यात टाकलं नाही, स्वतः धड जेवली नाही. बिचारीचे डोळे खोल गेले. इकडे आत्या फोनवर भावाला विचारायची, "बसतो का? दात आले का?" आणि रोज दुसऱ्यांच्या बाळांच्या नाळा कापायची. कपाटात घेऊन ठेवलेले लहान कपडे त्याला होईनासे झाले, ते तिने वॉर्डात वाटून टाकले.

शेवटी पट्ट्याखालची कातडी सोलवटली, तेव्हा वहिनी घाबरली. आत्याच्याच इस्पितळात आठवड्यातून एकदा मुलांचे सर्जन यायचे. भावाचा फोन आला, "ताई, तूही ये. ती म्हणते, जे काय ते तुझ्यासमोर विचारायचं."

तपासणीच्या खोलीत आत्या दाराशी उभी राहिली, आरोपीसारखी. मूल आईला घट्ट चिकटलेलं. केवढा झाला होता! कपाळ हुबेहूब भावाचं.

सर्जननी पट्टा सोडला, पोट पाहिलं, चेहरा वाकडा केला. बाळाला निजवलं. तो शांत होता तोवर बेंबीत हलकेच बोट घालून आतलं भोक चाचपलं. मग तो रडला आणि बेंबी टम्म फुगली. डॉक्टरांनी अलगद दाबली, गुर्रर्र आवाज करत ती आत गेली.

"भोक लहान आहे. ऑपरेशनची गरज नाही," ते म्हणाले. "बहुतेक मुलांचं चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतं. नाहीच मिटलं तर तेव्हा बघू, लहानसं ऑपरेशन असतं. हा पट्टा मात्र कचऱ्यात टाका. त्याने काही मिटत नाही, कातडी खराब होते."

"पण रडल्यावर फुटली तर?"

"फुटत नाही हो. रडताना पोटावर जोर येतो, म्हणून आतडं डोकावतं. रडू द्या खुशाल. फक्त कधी फुगवटा कडक झाला, आत जाईना, रंग बदलला, दुखतंय असं वाटलं, उलट्या झाल्या, तर एक मिनिट थांबू नका, तडक घेऊन या. तसं क्वचितच होतं."

वहिनीने दाराकडे न बघता विचारलं, "नाळ कापताना पहिला चिमटा निसटला होता. त्याने झालं का?"

"छे! नाळ कशीही बांधा, याच्याशी काडीचा संबंध नाही. ते भोक आतलं असतं."

आत्या सुटली होती. तिला वाटलं होतं या क्षणी छाती हलकी होईल, पण तसं काही झालं नाही.

बाहेर बाकापाशी वहिनी हुंदके द्यायला लागली. "ताई, मी हे काय करून बसले हो! घ्या, घ्या ना त्याला."

आणि मूल आत्याच्या हातात आलं. तोच जीव, ज्याला जगात सगळ्यात आधी तिने हातात धरलं होतं. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ थरथरले. आईखेरीज कुणाचा हात त्याला ठाऊकच नव्हता. अंग ताठ करून, दोन्ही हात आईकडे पसरून त्याने टाहो फोडला. सदरा वर सरकला आणि बेंबी टम्म बाहेर आली, तिच्याच तळहाताखाली.

"घे गं, घे. रडतोय तो."

"रडू द्या, ताई," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "डॉक्टर म्हणाले ना, रडल्याने काही होत नाही."

"हळूहळू सवय होईल," भाऊ म्हणाला.

होईलच की. मुलं विसरतात तशी शिकतातही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण आत्याला ते रडणं सोसवेना. तिने मूल आईच्या खांद्यावर दिलं. ते क्षणात शांत झालं. बेंबी आपली आपण आत गेली. आत्याने त्याचा सदरा खाली ओढला तर त्याने तोंड फिरवलं.

"वॉर्डात बोलावलंय मला," ती म्हणाली. कुणी बोलावलं नव्हतं. ती जिन्याच्या वळणापर्यंत नीट चालत गेली, आणि तिथे भिंतीला टेकून, बेंबीच्या देठापासून रडली.