हत्ती नसलेली शिफारस

शिर्डीतलं आमचं हॉटेल बंद पडलं आणि रिसेप्शनवरची सत्यशीला घरी बसली. तिला काम मिळावं म्हणून मी फेसबुकवर लिहिलं, ‘अशी हुशार पोरगी त्रिभुवनात न्हाई!’ लाइक ढीगभर आले, फोन एकही नाही. माझ्या गोष्टीत हत्ती उडतात, हे गावाला पाठ.

मग घडलेलं तेवढंच लिहिलं: ‘गुरुपौर्णिमेच्या गर्दीत आमच्याकडून एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली. सत्यशीलानं चूक कबूल केली, दोघांना चहा पाजला, शेजारच्या हॉटेलात खोली मिळवली आणि एका कुटुंबाला स्वतः पोचवून आली.’

खाली कॉमेंटमध्ये गावातला कानिफनाथ टपकलाच. “तात्या, हत्ती कुठाय यात?”

त्याच्याखाली एका हॉटेलमालकानं विचारलं, “कुणाला हलवायचं, हे तिनं कसं ठरवलं?”

हत्ती बोटांवर आला होता, आवरला. “एकांची म्हातारी जिना चढत नव्हती. शेजारच्या हॉटेलातली खोली तळमजल्यावर होती.”

“उद्या पाठवा तिला.”