थोरल्या कोर्टाची पायरी

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र अगदी लहान होतं. "पुस्तक्या, जन्मभर कायद्याच्या पुस्तकांत डोकं खुपसून बसलास, म्हणून तुलाच विचारते. आपण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलो नसतो, तर बापलेकाची भेट झाली असती का? हो की नाही, एवढंच कळव. लांबण लावू नकोस."

लांबण न लावता मला काहीच लिहिता येत नाही. त्यात प्रश्न असा, की 'हो' लिहिलं तर ताईच्या जावयाच्या गळ्याला फास, आणि 'नाही' लिहिलं तर ते खरं असेल याची मला खात्री नाही.

ताईचा धाकटा शेजारच्या राज्यातल्या एका कारखान्यात कामगार संघटनेचं काम बघायचा. संप चिघळला. तिथल्या जिल्हाधिकाऱ्याने त्याच्या प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा आदेश काढला. म्हणजे खटला नाही, आरोपपत्र नाही, नुसतं आत ठेवायचं. त्या वेळी तो आजारी वडिलांना बघायला घरी आला होता. पोलिसांनी इथेच, ताईच्या ओसरीवर, आदेश त्याच्या हातात दिला आणि त्याला तिकडच्या तुरुंगात नेलं. आत दाजी खाटेवर होते. यकृताचा कर्करोग. डॉक्टर ताईला म्हणाले होते, "जवळच्यांना बोलावून घ्या."

म्हणून आम्ही ताईच्या स्वयंपाकघरात बसलो. मी, ताई आणि तिचा जावई. जावई वकील आहे, हुशार आहे आणि त्याचा आवाज मोठा आहे. मी वकील होतो, पण जन्मभर दुसऱ्यांच्या याचिका लिहिल्या; न्यायाधीशांसमोर उभं राहिलो की माझी दातखीळ बसायची.

"मामा, इथल्या उच्च न्यायालयात गेलो की पहिला वाद हद्दीचाच," जावई म्हणाला. "अधिकारी तिकडचा, तुरुंग तिकडचा. ते म्हणणार, तुमचा आमच्याशी संबंध काय?"

"आदेश इथे बजावला ना," मी म्हणालो. "अटक इथे झाली. कारणाचा थोडा भाग जरी आपल्या हद्दीत घडला, तरी इथलं उच्च न्यायालय तिकडच्या अधिकाऱ्याला रिट काढू शकतं."

"शकतं. पण त्यावर भांडायला वेळ जाणार. शिवाय उच्च न्यायालयाने दाद द्यायची की नाही, हे त्यांच्या मर्जीवर. आधी सरकारकडे निवेदन करा, मग या, असंही म्हणतील. सर्वोच्च न्यायालयाला साऱ्या देशाची हद्द. आणि मूलभूत हक्कासाठी तिथे जाणं हाच मुळी मूलभूत हक्क आहे!"

"कागदावर आहे," मी म्हणालो. "पण हल्ली तेही विचारतात, आधी उच्च न्यायालयात का गेला नाहीत?"

"स्थानबद्धतेत नाही विचारणार."

ताई चुलीकडे पाठ करून उभी होती. "माझ्या लेकाला आत टाकणारा जर एवढा मोठा साहेब," ती म्हणाली, "तर मला त्याच्याहून सगळ्यात मोठं कोर्ट हवं. पुस्तक्या, तुला जरा तरी पटतंय का?"

जावयाचं म्हणणं चूक नव्हतं. मी म्हणालो, "पटतंय."

मग सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, तर तिथल्या कार्यालयाने तीत त्रुटी काढल्या. सहपत्रांचं भाषांतर हवं, एका पानाची छपाई पुसट आहे. त्या दुरुस्त केल्या. एकदा क्रमांक लागला, पण प्रकरण पुकारलंच गेलं नाही. शेवटी पुकारलं, तेव्हा चष्मा पुसत न्यायमूर्तींनी विचारलं, "उच्च न्यायालय का नाही?"

जावई ठामपणे बोलला. इथे येणं हा अशिलाचा हक्क असल्याचंही त्याने सांगितलं.

"तो आम्ही नाकारत नाही," न्यायमूर्ती शांतपणे म्हणाले. "पण उच्च न्यायालयाचा अधिकार कमी नाही, उलट जास्त रुंद आहे. आम्ही मूलभूत हक्कांपुरते, ते इतर कायदेशीर हक्कांसाठीही रिट काढू शकतात. सगळे इथेच आले तर त्यांनी करायचं काय? याचिका मागे घ्या. तिकडे जायची मुभा देतो."

जावयाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. तिथेच हट्ट धरून गुणदोषांवर, म्हणजे मूळ मुद्द्यावरच, हरलो असतो, तर उच्च न्यायालयाचं दारही बंद झालं असतं. माघार घेतल्याने ते उघडं राहिलं. ताईला हे समजावताना जावई म्हणाला, "सासूबाई, हरलो नाही आपण." ती म्हणाली, "मग जिंकलो का?"

आमच्या उच्च न्यायालयात तिकडच्या राज्याचा वकील हद्दीवरच अडून बसला. त्याला उत्तर द्यायला मुदत मिळाली. दाजींनी याच काळात बोलणं सोडलं. दाराशी पाऊल वाजलं की मात्र डोळे उघडायचे.

निकाल आमच्या बाजूने लागला. न्यायालयाने म्हटलं, आदेश याच हद्दीत हाती पडला, स्वातंत्र्य याच हद्दीत गेलं, म्हणून आम्हाला अधिकार आहे. दाद नाकारण्याची मुभा आम्हाला आहे, पण माणूस कोंडलेला असताना त्याला दुसरा मार्ग दाखवणं शोभणार नाही. धाकट्याला दिलेली कारणं त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत होती. तेवढ्यावरच आदेश रद्द झाला. प्रत तुरुंगात पोहोचली. धाकटा रात्रभर बसमध्ये उभा राहून आला.

सकाळी तो ओसरीवर चढला, तेव्हा आम्ही स्मशानातून परतून अंघोळी उरकत होतो; तो सुटून निघालाय हे आम्हाला कळलंच नव्हतं. त्याने कुणाला काही विचारलं नाही. रिकाम्या खाटेच्या कडेला बसला आणि उशीवरचा खळगा तळहाताने दाबून सपाट केला.

त्या दिवसापासून ताई जावयाशी बोलत नाही. लेक आली तर एकटीच येते. आणि मग मला ते पत्र.

परवा जावई माझ्याकडे आला. चहा तसाच ठेवून म्हणाला, "मामा, सासूबाईंनी तुम्हाला विचारलंय, ते मला माहीत आहे. 'हो' लिहा. माझी भीड धरू नका."

"पण मला माहीत नाही रे."

"मला माहीत आहे. आधी इथे आलो असतो तर तो वेळ वाचला असता."

"इथेही दुसरं खंडपीठ असतं, तर म्हणालं असतं, आधी निवेदन करा. आणि तुझ्या सर्वोच्च न्यायालयाचं ते खंडपीठ दुसरं असतं, तर त्याच दिवशी नोटीस काढली असती. दुसऱ्यांच्या प्रकरणांत तशी काढलेलीही आहे."

"म्हणजे दैव?"

"दैव नाही. माणसाच्या हातातली मुभा. ती कुणाच्या बाजूला झुकेल, हे आपल्याला आधी दिसत नाही."

त्याने गार झालेला चहा बाजूला सारला. मग डोळे पुसत म्हणाला, "हे तुम्ही तेव्हा टेबलावर मूठ आपटून का नाही सांगितलंत?"

"माझी मूठ आपटण्यासारखी नाही," मी म्हणालो. त्याला हसू आलं, आणि मग पुन्हा रडू.

तो गेल्यावर मी लिहायला बसलो. कितीतरी कागद फाडले. शेवटी लिहिलं:

"ताई, हो किंवा नाही मला लिहिता येत नाही, पळवाट काढतोय असं समजू नकोस. इथे आधी आलो असतो, तर भेट व्हायची शक्यता जास्त होती. ती नक्की होती, असं मी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयात जाणं कायद्याने चूक नव्हतं. तिथे जायचं जावयाने सुचवलं, तू ठरवलंस, मीही हो म्हणालो. दोष वाटायचा असेल तर तिघांत वाट. एकट्या त्याच्या डोक्यावर ठेवू नकोस. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, 'हो लिहा.' दाजी असते तर त्यांनी त्याला जेवायला बसवलं असतं."

पुन्हा वाचलं तर प्रत्येक वाक्यात शंका आली. शेवटच्या वाक्याने तिला जास्तच दुखेल, असंही वाटलं. ते खोडावं म्हणून पेन उचललं, तशी बायको दारातून म्हणाली, "अहो, आता खोडलंत तर ते कधीच जाणार नाही."

मी पाकीट चिकटवलं, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आलो.