तिसरी चिठ्ठी

माझं डोकं लवकर तापतं, हे अख्ख्या शाळेला ठाऊक आहे. त्यामुळे पाचवीतल्या त्या मुलीच्या घरी माझी तिसरी चिठ्ठी जाणार म्हटल्यावर शिक्षकांच्या खोलीत कुणाला नवल वाटलं नाही. तिला आम्ही आपसात ‘भोंगा’ म्हणायचो. रुग्णवाहिकेचा आवाज ती असा हुबेहूब काढायची, की एकदा शिपाईमामा फाटक उघडायला धावले होते.

आमच्या शाळेत तिसऱ्या चिठ्ठीनंतर तुकडी बदलते. म्हणजे वर्षाच्या मधोमध दप्तर उचलायचं आणि अनोळखी पोरांत जाऊन बसायचं. मला वाईट वाटत होतं का? खरं सांगते, नव्हतं. तीन महिने या पोरीने माझ्या नाकी नऊ आणले होते. सुटकाच होईल, असं वाटत होतं.

संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर बसून एका दमात चिठ्ठी लिहिली. ‘आपली मुलगी नेहमी गोंधळ घालते. ती उद्धट आहे. तिला शिस्त म्हणजे काय हे माहीतच नाही.’ नावावर हात ठेवून नवऱ्याला दाखवली.

त्याने वाचली आणि चष्मा काढला. “ही चिठ्ठी आहे की फिर्याद?”

“तू शिकव बेचाळीस पोरांना, मग बोल!”

“मी नाही बाबा. पण आपल्या पोराबद्दल असं आलं असतं, तर तू त्या बाईंच्या घरी जाऊन भांडली असतीस.”

गेलेच असते. हे त्याला कळलं, याचा जास्त राग आला.

सकाळी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तोच कागद हातात घेतला आणि पेन्सिलीने तीन ठिकाणी काट मारली: नेहमी, उद्धट, माहीतच नाही.

“यातलं काहीच तुम्ही पाहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पाहिलं तेवढं लिहा. कधी, काय, किती वेळा. वर्गाचं काय नुकसान झालं. तुम्ही काय करून पाहिलंत. तिच्यात चांगलं काय आहे. पुढे आपण काय करणार आणि त्यांनी काय करायचं. दुसऱ्या कुठल्या मुलाचं नाव नको. आणि चिठ्ठी पाठवण्याआधी मुलीला वाचून दाखवा. तिच्या पाठीमागे काही नको.”

“एवढं सगळं?”

“तुकडी बदलायची तर एवढं हवंच.”

मधल्या सुट्टीत चडफडत मी वर्गाची नोंदवही उघडली. गोंधळ झाला की मी तारीख आणि तास लिहून ठेवते, ती माझी सवय. सहा आठवड्यांत नऊ नोंदी. भोंगा. कंपासपेटी पाडली. शिट्टी. पुन्हा भोंगा. पाण्याची बाटली लवंडली. दोन नोंदी गणिताच्या तासाच्या, गणिताच्या सरांनी सांगितलेल्या; तो शुद्ध आगाऊपणा. उरलेल्या सातही नोंदी माझ्या भाषेच्या तासाच्या. सातही वेळा वाचन चालू होतं.

मी रांगेने मोठ्याने वाचायला लावते. पहिल्या बाकापासून शेवटपर्यंत, एकेकाने एक परिच्छेद. भोंगा खिडकीच्या रांगेत चौथ्या बाकावर बसते. ती स्वतः वाचते छान, खणखणीत. मग तिला कशाची भीती?

मी रांग बोटांवर मोजली. तिच्याआधी तिच्या बाकावरच्या शेजारणीची पाळी येते. दोन वेण्यांची, खाली मान घालून बसणारी ती नवी मुलगी. पाळी तिच्यावर यायची वेळ झाली की शेजारी काहीतरी आदळायचं, मी भडकायचे, भोंग्याला बाहेर उभं करायचे आणि रागाच्या भरात पुढच्या बाकाला म्हणायचे, “चला, वाचा!”

तीन महिन्यांत मी त्या नव्या मुलीला एकदाही वाचताना ऐकलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी भोंग्याला थांबवलं. वर्ग रिकामा, बाकं सरकलेली, फळ्यावर अर्धवट पुसलेली बेरीज.

“वाचनाच्या वेळीच आवाज का काढतेस गं?”

“उगाच.”

“उगाच सात वेळा?”

ती बुटाचं टोक फरशीवर घासत राहिली. मग एकदम म्हणाली, “तिचा शब्द अडकतो, बाई. आधीच्या शाळेत सगळे हसायचे. तिची आई म्हणते, मुद्दाम करतेस. तुम्ही चिठ्ठीत तिचं लिहू नका. माझी तुकडी बदलली तरी चालेल.”

चालेल म्हणाली आणि डोळे काठोकाठ भरले. मला लाज वाटली. या मुलीला मी उद्धट म्हणणार होते.

“तिचं काही लिहिणार नाही,” मी म्हटलं. “पण तुझं लिहीन. सात वेळा बेचाळीस जणांचं वाचन बुडालंय. ते बरोबर होतं का?”

“नाही.”

“मला येऊन सांगायचं होतंस.”

“तुम्ही ओरडता, बाई.”

मी तिथेच बसून चिठ्ठी नव्याने लिहिली आणि तिला वाचून दाखवली.

‘सप्रेम नमस्कार. गेल्या सहा आठवड्यांत आपल्या मुलीने नऊ वेळा तासात अडथळा आणला. त्यातल्या सात वेळा वाचन चालू असताना मोठा आवाज केला किंवा वस्तू पाडली. प्रत्येक वेळी वर्गाची सुमारे दहा मिनिटं गेली. मी तिला बाहेर उभं केलं, दोनदा आपल्याला कळवलं. उपयोग झाला नाही. आज तिच्याशी शांतपणे बोलले. वाचनाच्या वेळच्या गोंधळामागे खोडसाळपणा नव्हता, अशी माझी खात्री झाली आहे. कारण दुसऱ्या कुणाशी संबंधित असल्याने मी ते लिहू शकत नाही. माझ्या वाचन घेण्याच्या पद्धतीचाही त्यात दोष आहे. ती मी उद्यापासून बदलत आहे. आपली मुलगी उत्तम वाचते आणि सोबतच्यांची काळजी घेते. अडचण आली तर आवाज न करता माझ्याकडे येण्याचं तिने कबूल केलं आहे. गणिताच्या तासाला ती सरांची माफी मागेल. आपण तिला शिक्षा करू नये, रोज फक्त एवढं विचारावं: आज बाईंना काही सांगायचं होतं का? दोन आठवड्यांनी भेटू या. तुकडी बदलू नये, अशी विनंती मी मुख्याध्यापिकांना करत आहे.’

“‘काळजी घेते’ हे काढा,” भोंगा म्हणाली. “घरी खरं वाटणार नाही.”

“राहू दे. खरं आहे.”

मोठ्या बाईंना मी सगळं तोंडी सांगितलं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. “तुकडी दोन आठवडे बदलत नाही. त्यानंतर तुमची नोंदवही बघून ठरवू. आणि त्या दुसऱ्या मुलीच्या आईशी मी बोलते, वेगळं. या चिठ्ठीशी त्याचा संबंध नाही.”

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीखालची पोच परत आली. तिच्या आईचं अक्षर, घाईतलं, पण स्वच्छ.

‘बाई, आधीच्या दोन चिठ्ठ्यांनंतर आम्ही तिला मारलं. ती का ते सांगेना, म्हणून आणखी मारलं. काल पहिल्यांदा जवळ घेऊन विचारलं. तरीही तिने सांगितलं नाही. तुम्हीही नाव लिहिलं नाहीत. आता आम्हीही विचारणार नाही. भेटायला दोघं येतो.’

मी ती पोच दोनदा वाचली. मारलं, हे माझ्या चिठ्ठ्यांमुळे. नोंदवहीत त्याची नोंद कुठे करायची असते, मला माहीत नाही.

भाषेच्या तासाला मी म्हटलं, “आजपासून रांग बंद. दोघादोघांनी वाचायचं, बाकावरच, हळू आवाजात.” वर्गात गुणगुण सुरू झाली. मी फिरत फिरत खिडकीच्या रांगेशी आले. चौथ्या बाकावर वेण्यावाली एका शब्दावर अडली होती. भोंग्याचं बोट त्या शब्दाखाली होतं आणि तोंड घट्ट मिटलेलं. ती वाट बघत होती.

मीही थांबले. बऱ्याच वेळाने तो शब्द आला, आणि त्याच्या मागोमाग सगळं वाक्य. तीन महिन्यांत मी त्या मुलीचा आवाज पहिल्यांदा ऐकला.