तीन मिलिमीटरची अक्षरं

विजेची पॅनेलं बनवणाऱ्या कारखान्यात सासरा आणि सून एकाच छपराखाली कामाला होते. सासरे वायरमन, एकतीस वर्षांचे मुरलेले. सगळे त्यांना बाबाच म्हणत. सून कोपऱ्यातल्या छोट्या प्रिंटरवर बसायची. वायरीच्या दोन्ही टोकांना चढवायच्या पिवळ्या नळ्यांवर, म्हणजे फेरूलवर, नंबर छापायचं तिचं काम. तिला नोकरीला चिकटवलं होतं बाबांनीच, अजून ती कंत्राटावर होती.

एकदा मालकांच्या समोरच बाबांनी एक तयार पॅनेल अडवलं. "अर्थिंगची वायर बारीक आहे. हे बाहेर गेलं तर कुणाचा तरी जीव जाईल." वायर सुपरवायझरने निवडलेली. मालकांनी त्याला चार माणसांत झापलं. सुपरवायझर हसला, पण तो अपमान त्याच्या घशाखाली उतरला नाही.

आठवड्याभराने तो सुनेच्या टेबलाशी आला. "नव्या ऑर्डरला एका नळीवर दोन ओळी हव्यात. वायर कुठून निघते आणि कुठे जाते, दोन्ही. अक्षर तीन मिलिमीटरवरून एक पॉइंट तीनवर आण. रुंदी दाबून टाक. आणि शून्याच्या पोटातली ती तिरपी रेघ काढ, गिचमिड दिसते."

"साहेब, रेघ काढली की शून्य आणि डी सारखेच दिसतील. आठ, सहा आणि बीसुद्धा. नळी गोल असते, शाईची रिबनही उतरत आलीय..."

"तुझ्या पर्मनंटचा कागद माझ्याच टेबलावर आहे ना?" तो गोड आवाजात म्हणाला. "आणि म्हाताऱ्याने विचारलं तर सांगायचं नाही. ज्याचं त्याने वाचावं."

तिने अक्षर बारीक केलं. छापलेली पहिली नळी उजेडात धरली, तर तिलाही ती नीट वाचता आली नाही. संगणकावरची यादी बघून तिने तो नंबर ताडून घेतला.

त्या ऑर्डरचं पॅनेल सुपरवायझरने एकट्या बाबांना दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते नळी चिमटीत धरून तिच्याकडे आले. "सूनबाई, हा सहा की आठ?"

काचेपलीकडून सुपरवायझर बघत होता. ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "बाबा, माझ्यामागे फार काम आहे."

ते परत गेले. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

करंट सोडण्याआधीच्या तपासणीत अकरा वायरी चुकीच्या टर्मिनलवर निघाल्या. सुपरवायझरने सगळ्यांना पॅनेलभोवती बोलावलं. एक नळी बाबांच्या हातात दिली. "वाचा."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली आणला. "बी... सहा... शून्य."

"सूनबाई, तू वाच," सुपरवायझर तिला म्हणाला.

तिने नळी हातात घेतली. पिवळ्यावर काळे ठिपके, बाकी काही नाही. पण चुकलेल्या वायरींचा तक्ता तिने सकाळीच पाहिला होता, आणि बी सहा शून्यसारखा दिसेल असा नंबर त्यात एकच होता. "आठ, सहा, डी," ती म्हणाली.

"पोरीला दिसतं, तुम्हाला दिसत नाही," सुपरवायझर म्हणाला. "आता घरी बसून नातवंडं सांभाळा. इथे माणसं मारू नका."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोसवला असता. त्यात कौतुक होतं. पोरीचे डोळे चांगले आहेत, एवढंच.

त्यांनी त्याच संध्याकाळी राजीनामा लिहिला.

सोमवारी सुपरवायझर परत प्रिंटरशी आला. "त्या पॅनेलचं उरलेलं काम दुसऱ्याकडे दिलंय. दोन ओळी नकोत, एकच छाप. तीन मिलिमीटर. शून्यात रेघ घाल." पर्मनंटचा कागद त्याने तिच्या हातात ठेवला.

घरी बाबा अंधाऱ्या बाजूला बसू लागले. वर्तमानपत्र बंद केलं. नवऱ्याने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे, चष्माही बदलायला नको. बाबांनी मान हलवली आणि घरी येऊन म्हणाले, "भला माणूस आहे. म्हाताऱ्याचं मन राखलं."

रविवारी त्यांनी तिला हाक मारली. समोर त्यांची पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, वायर सोलायचा चाकू फडक्यावर मांडलेले होते.

"एक खरं सांग," ते म्हणाले. "त्या दिवशी तुला स्पष्ट दिसलं होतं ना? कुणी काही म्हणू दे, तू सांगितलंस की माझा विश्वास बसेल."

नवरा दारात उभा होता. तिचा पगार वाढल्याचे पेढे त्यानेच आणले होते.

"हो, बाबा," ती म्हणाली. "स्पष्ट दिसलं होतं."

"मग झालं," ते म्हणाले, आणि हत्यारांचं फडकं गुंडाळून त्याची गाठ मारू लागले. गाठ नीट बसेना, तेव्हा त्यांनी ते तिच्यापुढे सरकवलं. "तूच बांध. मला आता काही धड दिसत नाही."

तिने गाठ बांधली.